शाखांच्या एनपीए टक्क्यांची सरासरी काढली की संस्थेचा एकूण आकडा चुकतो: कारण, दुरुस्ती आणि पडताळणी

मासिक सभेपुढे जाणाऱ्या शाखानिहाय तक्त्याच्या शेवटच्या ओळीत पतसंस्थेचा ढोबळ एनपीए ८.३३ टक्के दिसतो. त्याच तारखेच्या ताळेबंदावरून काढला तर तो ५.१६ टक्के येतो. शाखा त्याच सहा, तारीख तीच, आणि शाखांनी पाठवलेली एकही टक्केवारी चुकलेली नाही. तरी एकूण आकडा चुकलेला असतो. कुणीतरी तो दुरुस्त करतं, एक-दोन महिने तक्ता बरोबर जातो आणि मग शेवटच्या ओळीत तोच घोळ पुन्हा येऊन बसतो.

एकत्रित अहवाल करणाऱ्यांकडे हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. म्हणून नुसतं सूत्र देऊन थांबत नाही. चूक कुठे होते, ती कशी ओळखायची आणि दुरुस्त केल्यावरही ती परत का येते, हे एकाच तक्त्यावर पाहू. खालचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण अनेक शाखा असलेल्या पतसंस्थेचं चित्र साधारण असंच असतं: एक मोठी मुख्य शाखा, दोन मध्यम आणि तीन लहान. रकमा लाखांत आहेत. एक्सेलमध्ये A ते E असे पाच कॉलम आणि दुसऱ्या ते सातव्या ओळीत सहा शाखा आहेत, असं धरा.

| शाखा | ठेवी | येणे कर्ज | एनपीए कर्ज | एनपीए % |
|---|---|---|---|---|
| मुख्य | ५२०० | ४२०० | १२६ | ३.० |
| बाजारपेठ | २४०० | १८०० | ८१ | ४.५ |
| स्टेशन रोड | २६०० | १५०० | ९० | ६.० |
| एमआयडीसी | ८०० | ९०० | ९० | १०.० |
| तालुका | ७०० | ४०० | ४८ | १२.० |
| नवीन | ३०० | २०० | २९ | १४.५ |
| एकूण | १२००० | ९००० | ४६४ | ? |

प्रश्नचिन्हाच्या जागी काय येतं

बहुतेक वेळा तिथे हे सूत्र सापडतं:

```
=AVERAGE(E2:E7)
```

उत्तर येतं ८.३३ टक्के. सहा टक्केवाऱ्यांची बेरीज ५०, भागिले सहा. गणित म्हणून यात काही चूक नाही. चूक अशी की या सूत्रात प्रत्येक शाखेला सारखंच वजन मिळतं, म्हणजे एक षष्ठांश. संस्थेच्या ९००० लाख कर्जापैकी ४२०० लाख एकट्या मुख्य शाखेचं आहे, जवळजवळ ४७ टक्के. नवीन शाखेचं कर्ज २०० लाख, म्हणजे सव्वादोन टक्केही नाही. पण सरासरी काढताना नवीन शाखेचे १४.५ टक्के आणि मुख्य शाखेचे ३ टक्के एकाच मापाने मोजले जातात. लहान शाखांचा एनपीए इथे जास्त आहे, त्यामुळे त्या एकूण आकडा वर खेचतात.

हा आकडा खरा की खोटा, हे तपासायला नवं काही शिकावं लागत नाही. आलेली टक्केवारी एकूण येणे कर्जाला लावून पाहा. ९००० लाखांचे ८.३३ टक्के म्हणजे ७५० लाख, साडेसात कोटी. आता एनपीएच्या कॉलमची बेरीज पाहा: ४६४ लाख. म्हणजे तक्ता दोन कोटी शहाऐंशी लाखांचा असा एनपीए सांगतोय जो कोणत्याच शाखेच्या खतावणीत नाही. कोणत्याही एकूण टक्केवारीची हीच कसोटी आहे. ती छेदाला लावल्यावर अंश परत मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर तो आकडा संस्थेचा नाही.

दुरुस्ती

अंशाची बेरीज भागिले छेदाची बेरीज, एवढंच:

```
=SUM(D2:D7)/SUM(C2:C7)
```

४६४ भागिले ९०००, म्हणजे ५.१६ टक्के. आठव्या ओळीत C आणि D ची बेरीज आधीच असेल तर आणखी सोपं आहे. E7 मध्ये शाखेसाठी `=D7/C7` हे सूत्र असतंच. तेच खाली E8 मध्ये ओढा, `=D8/C8` होईल. शेवटची ओळ वेगळी वागवायची गरजच नाही. जे सूत्र शाखेला लागू, तेच संस्थेला लागू. तक्त्याची चौकट बनवताना मी याच पद्धतीचा आग्रह धरतो, कारण उद्या मधे एखादी शाखा वाढली तर बेरजेची ओळ खाली सरकते आणि हे सूत्र तिच्याबरोबर जातं.

एनपीएची रक्कम हाताशी नसेल, शाखेकडून फक्त येणे कर्ज आणि टक्केवारी आली असेल, तर भारित सरासरी काढावी लागते. प्रत्येक टक्केवारीला त्या शाखेच्या कर्जाने गुणायचं, सगळे गुणाकार मिळवायचे आणि एकूण कर्जाने भागायचं:

```
=SUMPRODUCT(C2:C7,E2:E7)/SUM(C2:C7)
```

उत्तर तेच, ५.१६. ते तेच यायला हवं, कारण कर्ज गुणिले टक्केवारी म्हणजे एनपीएची रक्कमच. दोन्ही रकमा हाताशी असतील तर मात्र पहिलंच सूत्र वापरा. दुसऱ्यात टक्केवारीचं पूर्णांकीकरण मधे येतं. समजा, शाखांनी टक्केवारी पूर्णांकात पाठवली: बाजारपेठेने ४.५ ऐवजी ५, नवीन शाखेने १४.५ ऐवजी १५. भारित सरासरी ५.२७ येईल आणि ती कर्जाला लावली तर एनपीए ४७४ लाख होईल. दहा लाख रुपये नुसत्या पूर्णांकामुळे वाढले. सभेत टक्का सांगताना हा फरक चालून जाईल, पण तरतुदीचा हिशेब त्यावर बसवला तर लेखापरीक्षक विचारणारच.

तिसरी शक्यताही असते. जुन्या फायलींत एनपीएची रक्कम आहे, टक्केवारी आहे, पण येणे कर्ज नाही. अशा वेळी काही जण एनपीएच्या रकमेलाच वजन धरून SUMPRODUCT लावतात. आपल्या तक्त्यात त्याचं उत्तर ६.८५ येतं, म्हणजे सपशेल चूक. इथे आधी छेद परत मिळवावा लागतो. प्रत्येक शाखेची एनपीए रक्कम भागिले तिची टक्केवारी, म्हणजे तिचं येणे कर्ज. ते सहाही शाखांचं काढा, बेरीज करा आणि मग एकूण एनपीएला त्याने भागा. एखाद्या शाखेचा एनपीए शून्य असेल तर तिथे हा मार्ग बंद होतो. शून्य भागिले शून्य, कर्ज कळणार नाही. त्या शाखेची तेरीज काढण्याला पर्याय नाही.

वजन कशाचं धरायचं

भारित सरासरी काढायची हे पटल्यावर लगेच पुढची चूक होते. मोठी शाखा म्हणजे जास्त ठेवींची शाखा, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून वजन ठेवींचं धरलं जातं. वरच्या तक्त्यात ठेवींचं वजन लावून एनपीए काढा, ५.२३ टक्के येतो. खरा ५.१६. फरक इतका थोडा की कुणाला शंका येत नाही, आणि म्हणूनच ही चूक पहिलीपेक्षा जास्त दिवस टिकते. ८.३३ पाहून निदान एखादा संचालक भुवया उंचावतो, ५.२३ कुणाच्याच डोळ्यांत येत नाही. पण ९००० लाखांचे ५.२३ टक्के म्हणजे ४७१ लाख होतात, ४६४ नव्हे. मघाची कसोटी इथेही ही चूक पकडते.

नियम एकच: ज्या गुणोत्तराची सरासरी काढायची, त्याचा छेद म्हणजे वजन. ढोबळ एनपीएच्या टक्क्याला येणे कर्जाचं वजन. सीडी रेशोला ठेवींचं, कारण तिथे छेदात ठेवी आहेत. वसुलीच्या टक्केवारीला मागणीचं वजन, येणे कर्जाचं नव्हे. इथे बरेच जण घसरतात. प्रति कर्जदार सरासरी कर्जाला कर्जदारांच्या संख्येचं आणि प्रति सेवक व्यवसायाला सेवकांच्या संख्येचं. निव्वळ एनपीएत छेद बदलतो, येणे कर्जातून तरतूद वजा केलेली रक्कम छेदात असते, म्हणून वजनही तेच हवं. एका शीटवर हे पाच-सहा कॉलम शेजारी शेजारी असतात, आणि एकाच कॉलमचं वजन सगळ्यांना लावलं तर एक बरोबर येईल, बाकीचे चुकतील.

चूक लपते कुठे

याच तक्त्यात शाखानिहाय सीडी रेशो काढून पाहा. मुख्य ८०.७७, बाजारपेठ ७५, स्टेशन रोड ५७.६९, एमआयडीसी ११२.५, तालुका ५७.१४, नवीन ६६.६७. यांची साधी सरासरी ७४.९६ येते. संस्थेचा खरा सीडी रेशो ९००० भागिले १२०००, म्हणजे ७५. जवळजवळ तंतोतंत!

एकाच शीटवर, एकाच AVERAGE सूत्राने, एका कॉलमचं उत्तर बरोबर आलं आणि शेजारच्याचं तीन टक्क्यांहून जास्त चुकलं. ज्याने सीडी रेशो ताळेबंदाशी जुळवून पाहिला, त्याला वाटतं आपली पद्धत तपासून झाली. मग तो एनपीएचा कॉलम तपासतच नाही. हा प्रश्न वर्षानुवर्षं तग धरून राहण्याचं हे एक मोठं कारण आहे, असं माझं मत आहे.

असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. साधी सरासरी आणि भारित सरासरी यांच्यातला फरक शाखेचा आकार आणि तिची टक्केवारी यांच्या नात्यावर ठरतो. मोठ्या शाखांची टक्केवारी कमी आणि लहानांची जास्त असेल तर साधी सरासरी खऱ्यापेक्षा वर जाते. उलट असेल तर खाली येते. आकाराचा आणि टक्केवारीचा काही संबंधच नसेल तर दोन्ही जवळपास सारख्या येतात. सीडी रेशोत नेमकं हेच घडलं. ठेवींनी मोठ्या असलेल्या मुख्य आणि स्टेशन रोड शाखांपैकी एकीचा रेशो जास्त, दुसरीचा कमी. लहानांतही एमआयडीसीचा खूप जास्त, तालुक्याचा खूप कमी. सगळं एकमेकांत फिटलं. पुढच्या महिन्यात ते फिटेलच असं नाही.

हा फरक एक्सेलला थेट विचारता येतो:

```
=COVARIANCE.P(C2:C7,E2:E7)/AVERAGE(C2:C7)
```

आपल्या तक्त्यात उत्तर येतं उणे ३.१८ टक्के. ८.३३ मधून ३.१८ गेले की ५.१६ उरतात (दुसऱ्या दशांशाचा किरकोळ फरक पूर्णांकीकरणाचा आहे). अहवालात हे सूत्र ठेवायची गरज नाही. पण साधी सरासरी किती चुकतेय आणि कोणत्या बाजूला, हे कुणाला दाखवून द्यायचं असेल तर याच्याइतकं थेट दुसरं काही नाही.

आणखी एक तपासणी मला फार उपयोगी वाटते, ती म्हणजे गट बदलून पाहणं. सहा शाखांचे दोन विभाग करा. मुख्य, बाजारपेठ आणि स्टेशन रोड एका विभागात: कर्ज ७५००, एनपीए २९७, टक्केवारी ३.९६. उरलेल्या तीन दुसऱ्या विभागात: कर्ज १५००, एनपीए १६७, टक्केवारी ११.१३. आता या दोन विभागांची साधी सरासरी काढा, ७.५५ येते. शाखांवरून ८.३३, विभागांवरून ७.५५. संस्था तीच, कर्ज तेच, आणि कागदावर रेघ कुठे मारली त्यावरून एनपीए बदलला. असं होऊच शकत नाही. कर्जाचं वजन लावून विभागांवरून काढा किंवा शाखांवरून, उत्तर ५.१६ च राहतं. ज्या संस्थांत शाखा, मग विभाग, मग मुख्य कार्यालय अशी उतरंड आहे, तिथे प्रत्येक पायरीवर साधी सरासरी घेतली जाते आणि चुकीवर चूक चढते. प्रत्येक पायरीवरून टक्केवारीच्या जोडीने छेदाची रक्कमही वर गेली, तर मात्र कितीही पायऱ्या असोत, बिघडत नाही.

सूत्र बरोबर, तरी उत्तर चुकीचं

SUMPRODUCT लावूनही आकडा जुळत नसेल तर पहिला संशय मजकुराच्या रूपात साठलेल्या आकड्यांवर घ्या. संगणक प्रणालीतून काढलेल्या फायलीत किंवा शाखेने पाठवलेल्या शीटमध्ये एखादी रक्कम दिसायला आकडा आणि असायला मजकूर असते. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो, आकडा डावीकडे चिकटलेला असतो. समजा बाजारपेठेचं १८०० असं आलं आहे. तर दोन वेगळ्या चुका होतात, आणि त्या सूत्र कसं लिहिलं आहे त्यावर ठरतात.

```
=SUMPRODUCT(C2:C7,E2:E7)/SUM(C2:C7)
=SUMPRODUCT(C2:C7*E2:E7)/SUM(C2:C7)
```

पहिल्या सूत्रात, स्वल्पविरामाने, SUMPRODUCT मजकुराला शून्य मानतं आणि SUM तो मोजतच नाही. बाजारपेठ शाखा वर-खाली दोन्हीकडून गुपचूप गळते आणि ५.३२ येतं. दुसऱ्यात गुणाकाराच्या खुणेमुळे मजकुराचा आकडा होतो, म्हणून ती वरच्या बेरजेत धरली जाते. पण खालचं SUM तिला अजूनही वगळतं. उत्तर येतं ६.४४. कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही. म्हणून तक्त्याच्या बाजूला एक `=COUNT(C2:C7)` ठेवा. शाखा सहा असतील तर तिथे सहाच दिसायला हवेत. पाच दिसले की शोधाशोध सुरू करायची.

दुसरा नेहमीचा खड्डा म्हणजे अजून कर्जवाटप सुरू न झालेली शाखा. तिचं येणे कर्ज शून्य, त्यामुळे टक्केवारीच्या सेलमध्ये #DIV/0! येतं. तक्ता वाईट दिसतो म्हणून कुणीतरी सूत्राला IFERROR लावून तिथे शून्य आणतं. साध्या सरासरीत ते शून्य सातवी शाखा म्हणून मोजलं जातं आणि ८.३३ चे ७.१४ होतात. एनपीए सुधारला म्हणून आनंद होतो, आणि सुधारलेलं काहीच नसतं. बेरीज भागिले बेरीज या पद्धतीत ही शाखा दोन्हीकडे शून्य जाते, त्यामुळे फरक पडत नाही. पण दिसायलाही ते शून्य टक्के नको. शून्य टक्के एनपीए आणि कर्जच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे IFERROR मधून शून्याऐवजी रिकामा मजकूर द्या. मात्र मग पुढे त्या कॉलमवर गुणाकाराच्या खुणेचं SUMPRODUCT चालवू नका, #VALUE! येईल.

पिव्होट टेबल वापरणाऱ्यांचा अडथळा वेगळा आहे. मूळ शीटमध्ये टक्केवारीचा कॉलम असतो, तो ओढून व्हॅल्यूजमध्ये टाकला की बेरीज दिसते. ती निरर्थक वाटते, म्हणून माणूस तिथे अ‍ॅव्हरेज निवडतो. विभागाच्या उपबेरजेत आणि सगळ्यात खालच्या एकूण ओळीतही मग साधी सरासरीच बसते. टक्केवारीचा कॉलम पिव्होटमध्ये टाकूच नका. `PivotTable Analyze` मध्ये `Fields, Items & Sets`, त्यात `Calculated Field`, आणि तिथे एनपीए कर्ज भागिले येणे कर्ज असं नवं फील्ड करा. पिव्होट आधी दोन्ही रकमांची बेरीज करतो आणि मग भागाकार करतो, त्यामुळे शाखा, विभाग, संस्था अशा प्रत्येक पातळीवर आपोआप बरोबर उत्तर येतं.

दुरुस्त केल्यावरही हा घोळ परत का येतो

एक कारण छापील आहे: शाखांना पाठवला जाणारा नमुना. त्यात "एनपीए टक्केवारी" असा एकच रकाना असतो. शाखाधिकारी तेवढंच भरतात, आणि मुख्य कार्यालयात बसलेल्या माणसाकडे सरासरी काढण्यापलीकडे मार्ग उरत नाही. नमुन्यात येणे कर्ज आणि एनपीए कर्ज या दोन रकमा मागा, टक्केवारी मागूच नका. ती मुख्य कार्यालयात निघेल. आणि येणे कर्जाची बेरीज एकत्रित तेरजेशी जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरं कारण जास्त अवघड आहे, कारण ते तांत्रिक नाही. भारित पद्धत लागू केल्यावर कधीतरी असा तिमाही तक्ता येतो:

| शाखा | आधीचं कर्ज | आधी % | आताचं कर्ज | आता % |
|---|---|---|---|---|
| मुख्य | ४२०० | ३.० | ३६०० | २.९ |
| बाजारपेठ | १८०० | ४.५ | १८०० | ४.४ |
| स्टेशन रोड | १५०० | ६.० | १५०० | ५.९ |
| एमआयडीसी | ९०० | १०.० | १४०० | ९.८ |
| तालुका | ४०० | १२.० | ६०० | ११.८ |
| नवीन | २०० | १४.५ | ३०० | १४.० |
| संस्था | ९००० | ५.१६ | ९२०० | ५.६८ |

सहाही शाखांचा एनपीए टक्का उतरलाय आणि संस्थेचा मात्र वाढलाय. सभेत पहिलाच प्रश्न येतो: "प्रत्येक शाखेने सुधारणा केली, मग एकूण वाढला कसा? तुमचं सूत्रच चुकलं असणार." साधी सरासरी ८.३३ वरून ८.१३ वर आली आहे, ती सगळ्यांच्या मनासारखं सांगते. दबावाखाली AVERAGE परत येतं, आणि पुढच्या माणसाच्या हाती तोच तक्ता जातो.

सूत्र चुकलेलं नाही. आताचा एनपीए खरोखर ५२२ लाख आहे, आधी ४६४ होता. झालं असं की मुख्य शाखेतलं ६०० लाखांचं कर्ज फिटलं, तिथे एनपीए कमी होता. वाढ झाली ती एमआयडीसी, तालुका आणि नवीन या शाखांत, मिळून ८०० लाख, आणि तिथला टक्का सुधारूनही दहाच्या आसपास किंवा वरच आहे. कर्जाचा तोल जास्त एनपीएच्या शाखांकडे झुकला.

सभेत हे तोंडी सांगून पटत नाही. तक्त्याखाली एक जादा ओळ द्या: शाखांचं कर्ज आधीइतकंच राहिलं असतं तर आताच्या टक्क्यांनी संस्थेचा एनपीए किती आला असता?

```
=SUMPRODUCT(B2:B7,E2:E7)/SUM(B2:B7)
```

या तक्त्यात B म्हणजे आधीचं कर्ज आणि E म्हणजे आताचा टक्का. उत्तर येतं ५.०३. म्हणजे शाखांच्या सुधारणेमुळे ५.१६ चे ५.०३ झाले, सुमारे ०.१२ टक्के कमी. आणि कर्ज कुठे वाटलं त्यातल्या बदलामुळे ५.०३ चे ५.६८ झाले, सुमारे ०.६४ टक्के जास्त. दुसऱ्या दशांशाचा किरकोळ फरक इथेही पूर्णांकीकरणाचा आहे. शाखाधिकाऱ्यांच्या वसुलीची दाद पहिल्या आकड्यात आहे. दुसरा आकडा कर्जधोरणाचा आहे, आणि त्याचं उत्तर शाखेला नव्हे, संचालक मंडळाला द्यायचं आहे. दोन्ही वेगवेगळे दिसले की AVERAGE परत आणायची मागणी सहसा होत नाही, निदान तिला उत्तर तरी तयार असतं.

साधी सरासरी कधीच लागत नाही असं मात्र नाही. "आपली साधारण शाखा कशी चालली आहे" असा प्रश्न असेल, शाखेला एकक धरून शाखाधिकाऱ्यांचं काम पाहायचं असेल, तर ८.३३ हा योग्य आकडा आहे. त्याच्यापुढे "शाखांची साधी सरासरी" असं पूर्ण लिहा आणि तो एकूण ओळीच्या खाली, स्वतंत्र ओळीत ठेवा. "संस्था" किंवा "एकूण" या शब्दासमोर तो कधीही नको.

मागच्या महिन्यांचं काय

चालू महिन्यापासून पद्धत बदलली की आलेखात एकदम मोठी घसरण दिसते, ८.३३ वरून पाचाच्या घरात. ती सुधारणा समजली जाईल, म्हणून मागचे महिने नव्या पद्धतीने पुन्हा काढणं भाग आहे. प्रत्येक महिनाअखेरची शाखांची तेरीज संगणक प्रणालीतून परत मिळते. येणे कर्ज तिथून घ्या. एनपीएचं वर्गीकरण दर महिन्याला जतन केलं नसेल तर त्या महिन्याची शाखांनी पाठवलेली टक्केवारी आणि तेरजेतलं कर्ज यांवरून SUMPRODUCT लावा, आणि त्या आकड्यांसमोर "शाखांच्या टक्केवारीवरून काढलेला" अशी टीप ठेवा, कारण पूर्णांकीकरणाचा थोडा फरक त्यात राहणारच. दोन्ही मार्गांनी काही मिळत नसेल तर आलेख जिथून खरे आकडे आहेत तिथूनच सुरू करा. जुन्या ८.३३ ला नव्या ५.१६ शी रेघेने जोडू नका. सभेच्या इतिवृत्तात आधी नोंदलेले आकडे खोडू नयेत. पुढच्या सभेपुढे जुना आकडा, नवा आकडा आणि बदललेली पद्धत असा तीन ओळींचा खुलासा ठेवून तो नोंदवून घ्यावा, म्हणजे लेखापरीक्षणाच्या वेळी दोन कागदांवर दोन टक्के का, याचं उत्तर इतिवृत्तातच सापडेल.